रंकाळ्याच्या सीनमध्ये आबा आणि संग्राम दोघंही डावीकडेच बघताहेत. लाईन तुटली आहे, काय करता येईल?

कट्टा_७१ | शनिवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. आमची १८ मिनिटांची शॉर्टफिल्म आहे. त्यातला सगळ्यात महत्त्वाचा सीन रंकाळ्याच्या कट्ट्यावर घडतो. वस्ताद आबा आणि त्यांचा पुतण्या संग्राम कट्ट्यावर समोरासमोर पाय सोडून बसलेत आणि संग्राम सांगतो की आता मी आखाड्यात उतरणार नाही. साडेतीन मिनिटांचा सीन आहे, बाकी काही घडत नाही, फक्त दोघांचं बोलणं.

पहिल्या दिवशी संध्याकाळी शूट केलं. कॅमेरा रस्त्याच्या बाजूला, पाठीमागे तळं, मावळतीचा सूर्य समोर. वाईड घेतला, दोघांचा टू-शॉट घेतला आणि आबांचे सगळे क्लोज घेतले. तेवढ्यात उजेड गेला. संग्रामचे क्लोज राहिले. दुसऱ्या दिवशी आम्हाला सकाळचीच वेळ मिळाली. सकाळी ऊन रस्त्याच्या बाजूने येत होतं, त्यामुळे तिथूनच घेतलं असतं तर तोंडावर सपाट ऊन आलं असतं. संध्याकाळसारखीच केसांवर सोनेरी कड हवी म्हणून कॅमेरामन कट्ट्याखालच्या दगडी उतारावर गेला आणि तिथून संग्रामचे क्लोज घेतले. मॉनिटरवर उजेड इतका छान जुळला की आम्ही सगळे खूश.

आता एडिटला बसल्यावर सीन चालतच नाही. आबा बोलतात, डावीकडे बघतात. कट. संग्राम बोलतो, तोही डावीकडेच बघतो. दोघंही फ्रेमच्या बाहेर बसलेल्या तिसऱ्याच कुणाशी तरी बोलताहेत असं वाटतं. आईला दाखवलं तर ती म्हणाली, "तो तिसरा माणूस कोण आहे?"

आबांचं काम करणारे कलाकार नाटकाच्या दौऱ्यावर आहेत, महिनाभर मिळणार नाहीत. पुन्हा सगळं शूट करणं शक्य नाही. यातून वाट आहे का?

---

शटरवाला | शनिवार, रात्री ११:०५

भावा, १८० चा नियम एकदम सोपा आहे. २५ फ्रेमवर शूट करत असशील तर शटर १/५० ठेव. सकाळी ऊन जास्त म्हणून तुमच्या कॅमेरामनने शटर वाढवलं असणार, म्हणून क्लोज वेगळे वाटताहेत. एनडी फिल्टर लावायला पाहिजे होता.

---

कट्टा_७१ | शनिवार, रात्री ११:१२

दादा, शटर दोन्ही दिवशी १/५० च होतं, एनडी पण होता. तुम्ही म्हणताय तो शटरचा १८० चा नियम, मी लाईनचा विचारतोय. हालचालीचा प्रश्न नाही. कोण कुठे बघतोय हा प्रश्न आहे.

---

टाइमलाइन_भावा | शनिवार, रात्री ११:३०

दोन मिनिटांचं काम आहे. संग्रामचे सगळे क्लोज सिलेक्ट कर आणि आडवे फ्लिप मार. डावीकडचा लूक उजवीकडे जाईल, आबा डावीकडे बघतात, संग्राम उजवीकडे बघेल, विषय संपला. मी जाहिरातींच्या कामात किती वेळा केलंय.

ते नको असेल तर मधे एक कटअवे टाक. पाणी, पक्षी, चपला, शेंगदाण्याची पुडी, काहीही. कटअवे टाकला की प्रेक्षक मागची दिशा विसरतो आणि लाईनच्या पलीकडे जायला मोकळीक मिळते.

---

जुना_मॅगझिन | रविवार, सकाळी ७:५०

कट्टा, तुमच्या कॅमेरामनने उजेड जुळवायला दिशा बदलली आणि उजेड खरंच जुळला, म्हणूनच सेटवर कुणाला शंका आली नाही. उजेड चुकला असता तर कुणीतरी थांबून विचारलं असतं.

आधी काय घडलं ते नीट मांडू. कट्टा उत्तर-दक्षिण आहे. आबा उत्तरेच्या टोकाला बसले असणार, कारण तू म्हणतोस ते डावीकडे बघतात. कॅमेरा पूर्वेला, रस्त्यावर. तिथून पश्चिमेकडे तोंड केलं की उत्तर उजव्या हाताला येते. म्हणजे आबा फ्रेममध्ये उजवीकडे बसून डावीकडे बघणार, संग्राम डावीकडे बसून उजवीकडे बघणार. वाईड बघ, तसंच असेल. आता दोघांच्या डोळ्यांना जोडणारी एक दोरी ताण. ती दोरी तुमची लाईन. वाईड दोरीच्या पूर्वेकडून घेतला, त्या क्षणी तुम्ही प्रेक्षकाला पूर्वेच्या बाजूला बसवलंत. दुसऱ्या दिवशी संग्रामला दोरीच्या पश्चिमेकडून बघितलंत. तिथून पूर्वेकडे तोंड केलं की उत्तर डाव्या हाताला येते. संग्राम उत्तरेलाच बघत होता, एक इंचही हलला नव्हता, पण पडद्यावर तो डावीकडे बघायला लागला.

टाइमलाइन_भावाचं कटअवेचं म्हणणं खोटं नाही, पण ते एकदा ओलांडण्यासाठी आहे. सीन अर्धा झाला, मधे शेंगदाण्याची पुडी दाखवली आणि पुढचा सगळा अर्धा भाग पाण्याकडूनच चालला, तर ते पचतं. तुझ्याकडे आबा नेहमी रस्त्याकडून आहेत आणि संग्राम नेहमी पाण्याकडून. म्हणजे प्रत्येक कटला तू दोरी ओलांडतोस. साडेतीन मिनिटांत किती पुड्या दाखवणार?

फ्लिपबद्दल बोलण्याआधी मला एक सांग. संग्रामचं काम करणारा पोरगा खरा पैलवान आहे का?

---

कट्टा_७१ | रविवार, सकाळी ८:२०

काका, तुम्ही मांडलंय अगदी तसंच आहे, आबा उत्तरेलाच बसलेत. हो, संग्राम खरा पैलवान आहे, तालमीत रोज जातो. का विचारलंत?

---

जुना_मॅगझिन | रविवार, सकाळी ८:३५

कान बघ.

---

कट्टा_७१ | रविवार, सकाळी ९:१०

काका, आत्ता बघितलं. त्याचा उजवा कान मोडलेला आहे, डावा नीट आहे. वाईडमध्ये रस्त्याकडून त्याचा मोडका कान दिसतो. पाण्याकडून घेतलेल्या क्लोजमध्ये चांगला डावा कान दिसतो. फ्लिप मारून बघितलं तर लूक बरोबर होतो, पण चांगला कान उजव्या बाजूला जातो. म्हणजे वाईडमध्ये मोडका कान आणि लगेच क्लोजमध्ये तोच कान धडधाकट. हा सीन कुस्ती सोडण्याबद्दल आहे, कानाकडे नजर जाणारच.

आणखी दोन गोष्टी सापडल्या. शर्टाचा खिसा उजव्या बाजूला गेला. मागच्या रस्त्यावर गाड्या धूसर दिसतात, त्या फ्लिपनंतर उजव्या बाजूने चालल्यात आणि एका दुकानाची पाटी उलटी वाचली जाते.

---

टाइमलाइन_भावा | रविवार, सकाळी ९:४०

कानाचं माझ्या डोक्यात नव्हतं, ते मान्य. पाटी आणि खिसा मी क्रॉप करून काढून देतो. अगदी टाइट केलं तर कानही फ्रेमबाहेर जाईल. ४के मध्ये शूट केलंय ना? फिल्म २के मध्ये काढणार असशील तर दुप्पट मोठं करता येतं.

---

वहीवाली | रविवार, सकाळी १०:१५

मी कंटिन्युटी बघते, सिरियल आणि आता थोड्या वेब सिरीज. क्रॉप करून खिसा जाईल, पाटी जाईल, पण मागचं पाणी कुठून आणणार? आबांच्या मागे तळं आहे. रस्त्याच्या बाजूने बरोबर जागेवरून संग्रामला घेतलं असतं तर त्याच्याही मागे तळंच आलं असतं, फक्त तळ्याचा दुसरा कोपरा. कारण कॅमेरा दोन्ही वेळा रस्त्यावर उभा राहून थोडा उत्तरेला आणि थोडा दक्षिणेला वळणार. तुमच्याकडे संग्रामच्या मागे रस्ता आहे. कितीही धूसर केलं तरी एकाच्या मागे निळं-सोनेरी चमचमतं आणि दुसऱ्याच्या मागे राखाडी हलतं. दोघं एका कट्ट्यावर बसलेत असं वाटणार नाही.

कट्टा, एडिट सुरू करायच्या आधीसुद्धा ही चूक पकडता येते. प्रत्येक शॉटमध्ये नाकाचं टोक फ्रेमच्या कोणत्या कडेकडे आहे एवढंच मी वहीत लिहिते. आबा: नाक डावीकडे. संग्राम: नाक उजवीकडे. दुसऱ्या दिवशी सकाळी संग्रामच्या पहिल्या टेकला वहीत "डावीकडे" आलं असतं आणि तिथेच हात वर केला असता. उत्तर-दक्षिण लक्षात ठेवायची गरजच पडत नाही.

---

खासबाग_पोरगं | रविवार, सकाळी ११:००

मी कुस्तीची मैदानं शूट करतो, खासबागेत पण केलंय. माझा त्रास याच्या उलट आहे. दोघं पैलवान गोल फिरत राहतात, त्यामुळे तुमची ती दोरी सारखी फिरते. सुरुवातीला मी दोन कॅमेरे समोरासमोर लावले होते, एक एका बाजूच्या प्रेक्षकांकडे, दुसरा समोर. कट केला की लाल लांगवाला डावीकडून ढाक मारायला निघालाय आणि पुढच्या क्षणी उजवीकडून. लोक विचारायला लागले, पट कुणी काढला? आता सगळे कॅमेरे एकाच बाजूच्या अर्धगोलात ठेवतो. समोरच्या बाजूचा शॉट फक्त निकालानंतर, सावकाश दाखवताना वापरतो.

पण दोघं गोल फिरून जागा बदलतात तेव्हा काय? तेव्हा तर कॅमेरा न हलताच डावा उजवा होतो.

---

जुना_मॅगझिन | रविवार, दुपारी १२:३०

खासबाग, तुझ्या शॉटमध्ये ते डोळ्यांदेखत फिरतात, म्हणून चालतं. प्रेक्षकाने बघितलं की लाल आता उजवीकडे गेला, तर त्याची काही तक्रार नाही. दिशा बदलली म्हणून कुणी गोंधळत नाही, ती कटाच्या फटीत बदलली की गोंधळतो. एवढंच ध्यानात ठेव: फिरणं पूर्ण होऊ दे आणि मग कट कर. अर्ध्या गिरकीत कट केलास तर पुन्हा तोच घोळ.

आता कट्टाचा सीन. वहीवालीचं पार्श्वभूमीचं म्हणणं बरोबर आहे, म्हणून फ्लिप बाजूला ठेवू. आबा नाहीत, पण आबा लागतच नाहीत. आबांचे क्लोज बरोबर आहेत, वाईड बरोबर आहे, टू-शॉट बरोबर आहे. फक्त संग्रामचे क्लोज हवेत. किती वाक्यं आहेत त्याची?

---

कट्टा_७१ | रविवार, दुपारी १:०५

संग्रामची अकरा वाक्यं आहेत. त्यातली पाच "हं", "व्हय आबा" अशी. पण काका, संग्रामला या आठवड्यात संध्याकाळी तालीम असते, तो फक्त सकाळी सातपासून नऊपर्यंत मोकळा आहे. आणि सकाळी रस्त्याच्या बाजूने घेतलं तर पुन्हा तोंडावर सपाट ऊन. त्याच अडचणीमुळे तर पलीकडे गेलो होतो.

---

जुना_मॅगझिन | रविवार, दुपारी २:४०

मग सकाळीच घ्या, पण पलीकडच्या काठावर.

कॅमेऱ्याला पूर्व-पश्चिम कळत नाही. त्याला फक्त डावं, उजवं, पाठीमागे काय आहे आणि ऊन कुठून येतंय एवढं कळतं. संध्याकाळी तुम्ही पूर्व काठावर उभे होता, समोर पाणी, पाण्यापलीकडे सूर्य. सकाळी पश्चिम काठावर जा. तिथेही समोर पाणी आणि पाण्यापलीकडे सूर्य. सगळी मांडणी तळ्याभोवती अर्धी फिरवायची, दोरीसकट.

नीट लिहून घे. कॅमेरा जमिनीच्या बाजूला, तोंड पूर्वेला, पाण्याकडे. आता डाव्या हाताला उत्तर आहे. संग्राम फ्रेममध्ये डावीकडे हवा आणि उजवीकडे बघायला हवा, म्हणून त्याला उत्तरेच्या टोकाला बसव आणि दक्षिणेकडे बघायला सांग. कट्ट्यावर तो दक्षिणेला बसून उत्तरेला बघत होता, इथे उलट. तो विचारेल, "मी तर तिकडं बसलो होतो." त्याला सांग, पडद्यावर तू तिथेच बसलायस. आणि दक्षिणेकडे बघताना त्याची उजवी बाजू पश्चिमेला, म्हणजे कॅमेऱ्याकडे येते. मोडका कान आपोआप दिसेल.

आता अडचणी. पश्चिम काठावरून पूर्वेकडे बघितलं की मागे गावातल्या इमारती येतील. संध्याकाळच्या शॉटमध्ये त्या नाहीत. म्हणून कॅमेरा डोळ्यांच्या रेषेपेक्षा वीतभर वर ठेव आणि किंचित खाली झुकव, म्हणजे डोक्यामागे फक्त पाणी राहील, काठ दिसणारच नाही. त्यासाठी आबांचे क्लोजही बघ, ते किती उंचीवरून आहेत. फार फरक पडला तर खटकेल. लेन्स ८५ वापर, आबांना जी लावली होती तीच. आणि अंतर पावलांनी मोजून तेवढंच ठेव, नाहीतर चेहऱ्याचा आकार बदलतो.

सजेशन, म्हणजे समोरच्याच्या खांद्यावरून शॉट, घेणार असशील तर आबांच्या जागी तशाच अंगाचा माणूस तोच सदरा घालून बसव. खांदा कोणता ते तपास. आबांच्या क्लोजमध्ये संग्रामचा उजवा खांदा पुढे असेल, तर संग्रामच्या क्लोजमध्ये आबांचा डावा खांदा हवा. एकाचा उजवा, दुसऱ्याचा डावा. दोन्ही वेळा उजवाच आला तर समज की दोरी ओलांडलीस.

---

वरात_व्हिडिओ | रविवार, दुपारी ४:१५

माझी पण हीच कथा. लग्नात अंतरपाट धरल्यावर मी नवरीच्या मागून आणि माझा जोडीदार भटजींच्या मागून शूट करतो. कट केला की नवरा नवरीच्या जागा बदलतात. आधी मी दोघांच्या बरोबर समोर, अंतरपाटाच्या रेषेत उभं राहून एक शॉट घेतो, मग बदलतो. तरी बरं वाटत नाही. आम्हाला तर रिटेक नाही, मंगलाष्टका पुन्हा म्हणता येत नाहीत.

---

वहीवाली | रविवार, दुपारी ५:००

वरात, तिथे दोरी नवरा-नवरीच्या मधली. अंतरपाट त्या दोरीला आडवा असतो. अंतरपाटाच्या टोकाशी उभं राहून घेतलेला शॉट हा दोरीच्या एका बाजूचा सरळ वाईड झाला, तो मधला शॉट नव्हे. मधला शॉट म्हणजे दोरीवरच उभं राहणं, नवरीच्या बरोबर पाठीमागे किंवा नवऱ्याच्या बरोबर पाठीमागे. तिथून डावं-उजवं काही ठरत नाही, म्हणून तिथून कोणत्याही बाजूला जाता येतं. तुम्ही दोघं ज्या बाजूला मामा उभे राहत नाहीत ती एकच बाजू धरा आणि तिथेच राहा, एक लांब लेन्सवर आणि एक जवळून.

---

मोकळा_कॅमेरा | रविवार, संध्याकाळी ७:३०

एवढं घाबरायचं कारण मला समजत नाही. जपानचा यासुजिरो ओझू आयुष्यभर ही लाईन ओलांडत राहिला. त्याच्या संवादांत दोन्ही माणसं एकाच बाजूला बघतात आणि त्याच्या फिल्म आजही लोक डोक्यावर घेतात. कट्टा, मला तर वाटतं तुझा सीन आहे तसा ठेव. काका-पुतणे एकमेकांशी बोलताहेत पण त्यांची नजर जुळत नाही, हाच तर सीनचा अर्थ आहे. चूक नाही ती, भेट आहे.

---

जुना_मॅगझिन | रविवार, रात्री ८:४५

ओझूंचं उदाहरण बरोबर आहे, पण ते पूर्ण बघ. ते कॅमेरा जवळजवळ दोरीवरच आणतात, माणूस जवळपास लेन्समध्येच बघतो, चेहरे दोन्ही शॉटमध्ये सारख्याच जागी, सारख्याच आकाराचे असतात, आणि हे पहिल्या सीनपासून शेवटपर्यंत चालू राहतं. प्रेक्षक ती भाषा पहिल्या दहा मिनिटांत शिकतो. कट्टाच्या फिल्ममध्ये बाकी सगळे सीन दोरीच्या एका बाजूने आहेत, फक्त हा एक नाही. आबा बाजूने, पाऊण चेहऱ्याचे. संग्रामही पाऊण चेहऱ्याचा. तिथे प्रेक्षकाला "नजर जुळत नाही" असं वाटणार नाही, "तिसरा माणूस कोण" असं वाटेल. कट्टाच्या आईने तेच विचारलं.

---

मोकळा_कॅमेरा | रविवार, रात्री ९:१०

पटतंय थोडं. तरी एक जागा मी सोडणार नाही. संग्राम "मी उतरणार नाय" म्हणतो त्या एका वाक्याला तरी पलीकडून घेतलेला जुना शॉट वापर. सगळा सीन सरळ आणि तिथेच एकदा जग फिरल्यासारखं. ते जाणूनबुजून केलेलं वाटेल.

---

टाइमलाइन_भावा | रविवार, रात्री ९:२५

हे मला आवडलं. मी दोन्ही आवृत्त्या लावून देतो, कट्टा, फुटेज पाठव.

---

कट्टा_७१ | गुरुवार, दुपारी ३:२०

मंडळी, काल सकाळी पश्चिम काठावर जाऊन आलो. काय झालं ते सांगतो.

सव्वासातला पोचलो. काकांनी सांगितल्यासारखं जमिनीवर फक्कीने रेघ मारली, दोरी म्हणून, आणि सगळ्यांना सांगितलं की कॅमेरा रेघेच्या पाण्याकडे जाणार नाही. संग्राम उत्तरेच्या टोकाला. आबांच्या जागी माझा चुलतभाऊ, आबांचाच सदरा घालून, फेटा बांधून. त्याची बैठक आबांपेक्षा तीन बोटं खाली होती, त्यामुळे संग्रामचा लूक खाली जात होता. पहिले दोन टेक त्यातच गेले. मग चुलतभावाखाली घडी केलेलं पोतं दिलं.

पहिली जागा सोडावी लागली, कारण तिथे पाण्यावर केंदाळ होतं आणि आबांच्या मागे स्वच्छ पाणी आहे. पन्नास पावलं पुढे गेलो तर मोकळं पाणी मिळालं. साडेआठपर्यंत अकरा वाक्यं झाली. वहीवाली ताईंचं ऐकून प्रत्येक टेकनंतर वहीत लिहिलं, "नाक उजवीकडे".

काल रात्री लावून बघितलं. आवाज बंद करून आईला दाखवलं. ती म्हणाली, "दोघं भांडताहेत का?" तिसऱ्या माणसाबद्दल काहीच बोलली नाही.

एक फरक राहिलाय. संध्याकाळी पाण्यावरची चमक लांबट आणि लालसर होती, सकाळी बारीक, पांढरट. रंग जुळवून बराच कमी झाला, पूर्ण गेला नाही.

---

जुना_मॅगझिन | गुरुवार, दुपारी ४:१०

चमक राहू दे. सगळ्या अकरा वाक्यांना संग्रामच्या तोंडावर जायची गरज नाही. "हं" आणि "व्हय आबा" आबांच्या चेहऱ्यावरच ऐकू दे. ऐकणाऱ्याचा चेहरा या सीनमध्ये जास्त मोलाचा आहे, आणि तेवढे कट कमी झाले की चमकेचा फरक कुणाला जोडून बघायला वेळच मिळणार नाही.

---

कट्टा_७१ | गुरुवार, संध्याकाळी ६:००

तसं करून बघतो. काका, आता सीनच्या शेवटाला अडकलोय. वाईडमध्ये संग्राम उठतो आणि डावीकडून फ्रेमबाहेर जातो. पुढच्या शॉटमध्ये तो रस्त्यावरून एकटा चालत निघतो. पण त्यात तो डावीकडून आत येतो आणि उजवीकडे चालतो. बघताना वाटतं तो परत आबांकडेच चाललाय.

---

जुना_मॅगझिन | गुरुवार, संध्याकाळी ६:३५

डावीकडून बाहेर गेलेला माणूस पुढच्या फ्रेममध्ये उजवीकडून आत यायला हवा, म्हणजे चालणं एकाच दिशेने चालू राहतं. तुझ्याकडे तो पाठमोरा, सरळ लांब जाताना असा शॉट आहे का? किंवा सरळ कॅमेऱ्याकडे येताना?

---

कट्टा_७१ | गुरुवार, संध्याकाळी ६:५०

पाठमोरा आहे. शेवटी असू दे म्हणून घेतला होता, बारा सेकंद, झाडांच्या मधून लांब जातो.

---

जुना_मॅगझिन | गुरुवार, संध्याकाळी ७:०५

मग तोच मधे टाक. वाईड, डावीकडून बाहेर. पाठमोरा, चार-पाच सेकंद, ज्यात डावं-उजवं काहीच नाही. मग रस्त्यावरचा, उजवीकडे चालणारा. प्रेक्षक समजेल की वाट वळली. बोलण्याच्या सीनमध्ये हा उपाय चालला नसता, कारण तिथे प्रत्येक कटला ओलांडत होतास. इथे एकदाच ओलांडायचंय. पण पाठमोऱ्या शॉटच्या सुरुवातीला तो फ्रेममध्ये आधीच असू दे. आत येताना दाखवलास तर पुन्हा बाजू ठरते.

आणखी एक विचार कर. संग्राम शेवटी तालमीत परत जातो ना? मग सगळ्या फिल्ममध्ये तालमीकडे जाणं उजवीकडे आणि तालमीपासून लांब जाणं डावीकडे, असं धरलंस तर तो परतताना दिशेनेच कळेल.

---

वहीवाली | गुरुवार, रात्री ८:००

काका, हे मला पटत नाही. दोरीचं चुकलं की प्रेक्षकाला लगेच खटकतं, कट्टाच्या आईनेच दाखवलं. पण उजवीकडे म्हणजे तालीम हे प्रेक्षक १८ मिनिटांत शिकेल असं वाटत नाही. त्यासाठी कट्टाला तालमीच्या गल्लीतले चार शॉट पुन्हा घ्यावे लागतील आणि ते झालेले शॉट चांगले आहेत. आणि तसं धरलं तर रस्त्यावरचा उजवीकडे चालणारा शॉट, जो आत्ता आपण वाचवला, तोच चुकीचा ठरतो.

---

जुना_मॅगझिन | गुरुवार, रात्री ८:२०

शेवटचा मुद्दा खरा आहे, तो माझ्या लक्षात आला नव्हता. तरी मी तो रस्त्यावरचा शॉट काढून पाठमोऱ्यावरच सीन संपवेन. बारा सेकंद आहेत, पुरतील.

---

मोकळा_कॅमेरा | गुरुवार, रात्री ८:३०

आणि माझ्या त्या एका वाक्याचं काय झालं?

---

टाइमलाइन_भावा | गुरुवार, रात्री ९:४५

दोन्ही लावून बघितलं. जुना शॉट फ्लिप न करता, फक्त "मी उतरणार नाय" वर. एकदा बघितलं तेव्हा अंगावर आलं, दुसऱ्यांदा मागच्या रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीकडेच लक्ष गेलं. मला ठरवता येत नाही. कट्टा, दोन्ही फाइल पाठवल्यात, आवृत्ती अ सरळ आहे, ब मध्ये तो शॉट आहे.

---

कट्टा_७१ | गुरुवार, रात्री १०:२०

मिळाल्या. शेवट पाठमोऱ्यावरच ठेवून बघितला, रस्त्यावरचा शॉट काढला, बरा वाटतोय. तालमीच्या गल्लीचे शॉट पुन्हा घेणार नाही. अ आणि ब रविवारी संग्रामला आणि तालमीतल्या चार पोरांना दाखवतो, कुठली कुठली आहे ते न सांगता. कुणाला जमत असेल तर सकाळी अकराला खरी कॉर्नरच्या कॅमेऱ्याच्या स्तंभापाशी या, तिथून घर जवळ आहे.

---

खासबाग_पोरगं | गुरुवार, रात्री १०:३५

मी येतो. माझं मैदानाचं फुटेज पण आणतो, अर्ध्या गिरकीतले कट काका बघतील का?

---

जुना_मॅगझिन | गुरुवार, रात्री १०:५०

आण.